‘वतन’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे?

१/
पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तारापूरच्या शेजारी चिंचणी हे गाव आहे. १९५५ साली येथे काही ताम्रपट सापडले. पुढे दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत जुना पट शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळी संयान, म्हणजे आजचे संजाण, येथील मंडळाचा कारभार एका परदेशी वंशाच्या अधिकाऱ्याकडे होता, असे त्यावरून कळते. पटात त्याला ‘ताजिक’ म्हटले आहे आणि त्याचे नाव ‘मधुमति’ असे दिले आहे. हा मधुमति म्हणजे मुहम्मद.

२/
संस्कृत लेखकापुढे एक परका शब्द आला आणि त्याने तो दोन रीतींनी आपलासा केला. नाव घेताना त्याने ध्वनी सांभाळला आणि त्यातच गोड अर्थही बसवला. वंश सांगताना मात्र आपल्या भाषेत आधीच रूढ झालेले ‘ताजिक’ हे नाव वापरले. पहिल्या रीतीत शब्दाचा नाद टिकला, पण मूळ अर्थ गेला. दुसऱ्या रीतीत वाचकाला ओळख पटली, पण हा मनुष्य नेमका कोण, हे धूसर राहिले. अनुवादात काहीतरी हाती लागते आणि काहीतरी सुटते. प्रश्न एवढाच असतो की सुटले काय, याचे भान ठेवले गेले की नाही.

३/
हा धागा एका मराठी शब्दाविषयी आहे. त्याचा प्रवास या ताम्रपटाच्या जवळजवळ उलट झाला. शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, येथे त्याला अगदी निराळा अर्थ चिकटला, आणि मग इंग्रजांना तो आपल्या भाषेत न्यावा लागला. तो शब्द म्हणजे ‘वतन’. मराठ्यांच्या इतिहासावरच्या इंग्रजी पुस्तकांत आणि विद्यार्थ्यांच्या टिपणांत त्याच्यासाठी ‘फीफ’, ‘इस्टेट’, ‘हेरेडिटरी ऑफिस’ असे पर्याय सर्रास दिसतात. यांपैकी एकही पुरेसा नाही. काही तर दिशाभूल करणारे आहेत. त्यातल्या त्यात जवळचा शब्द कोणता आणि तोही कोठे तुटतो, हे पुढे पाहू.

४/
मूळ अरबीत ‘वतन’ म्हणजे राहण्याचे ठिकाण, जन्मभूमी. उर्दूत आणि हिंदीत आजही हाच अर्थ आहे. वतन म्हटले की देश आठवतो. मोगलांच्या कारभारात ‘वतन-जागीर’ असा शब्द होता. राजपूत राजांना त्यांच्या पिढीजात प्रदेशाची जी जागीर मिळे, तिला हे नाव होते. मराठीत मात्र जन्मभूमीचा अर्थ मागे पडला. येथे वतन म्हणजे गावात किंवा परगण्यात एका घराण्याचे वंशपरंपरेने चालत आलेले स्थान. त्यात काम आले, कामाबद्दलची जमीन आली, हक्क आले आणि मानही आला. देशमुखी हे वतन, पाटीलकी हे वतन, कुलकर्ण हे वतन, सुतारकी-लोहारकी हीही वतने आणि गावकीचे काम करणाऱ्या महाराचेही वतनच.

५/
एवढ्या गोष्टी एका शब्दात कशा मावतात, हे कळण्यासाठी पाटीलकीच्या विक्रीचा व्यवहार कसा होई ते पाहावे. दुष्काळ, कर्ज किंवा सरकारी बाकी यांमुळे पाटील अडचणीत येई. मग तो आपल्या वतनाचा काही हिस्सा, बहुधा निम्मा, दुसऱ्या घराण्याला विकत देई. आजच्या खरेदीखतात जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा आणि किंमत असते. पाटीलकीच्या खतात जमिनीसोबत मानपानाची वाटणी असे. पोळ्याला बैल आधी कोणाचे निघणार, होळीला मान कोणाचा, लग्नकार्यात विडा आणि टिळा आधी कोणाला, सरकारातून मानवस्त्र आले तर पहिले कोण घेणार, कागदावर नांगराची निशाणी कोण करणार, हे सारे ठरवून लिहिले जाई.

६/
या वाटणीत एक बारकावा आहे. निम्मे वतन विकले तरी ‘वडीलपण’ बहुधा विकणाऱ्याकडेच राही. म्हणजे हिस्से सारखे, पण पहिला मान जुन्या घराण्याचा. घेणाऱ्याला विकणारा आपला भाऊ मानून घेई, कारण वतन भाऊबंदांतच असायचे ही कल्पना पक्की होती. परका मनुष्य विकत घेऊन आत आला तरी त्याला नात्याच्या चौकटीत बसवल्याशिवाय तो वतनदार होत नसे. ‘इस्टेट’ या इंग्रजी शब्दात हे कोठेच दिसत नाही. इस्टेट विकत घेणारा विकणाऱ्याचा भाऊ होत नाही.

७/
दुसरा प्रसंग भांडणाचा. वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. तेथे परगण्यातले देशमुख-देशपांडे, आसपासचे पाटील, बलुतेदार आणि सरकारी अंमलदार एकत्र बसत. साक्षी होत, जुने कागद पाहिले जात आणि निर्णयाचा ‘महजर’ लिहिला जाई. त्यावर उपस्थितांच्या सह्या आणि आपापल्या कामाच्या हत्यारांच्या निशाण्या असत. पुराव्याने निकाल लागेना तर दिव्य करण्याची पाळी येई. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. हरणारा ‘येजितखत’ लिहून देई, म्हणजे आपला दावा खोटा ठरल्याची कबुली. जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरी, तर हरणारा ‘गुन्हेगारी’.

८/
मनुष्य उकळत्या तेलात हात घालायला तयार होतो, तो केवळ काही बिघे जमिनीसाठी नव्हे. जमीन दुसरीकडेही मिळत असे. त्या काळी ओसाड जमीन कसायला माणसेच कमी पडत. तंटा असे तो आपण या गावात कोण, या प्रश्नाचा. वतन गेले तर गावात राहता येई, पण ‘उपरा’ म्हणून. हीच भावना या शब्दाच्या गाभ्याशी आहे आणि इंग्रजीत नेताना बहुधा तीच सर्वांत आधी गळून पडते.

९/
यावरून चार कसोट्या मिळतात. वतनासाठी सुचवलेला कोणताही इंग्रजी शब्द त्यांवर घासून पाहता येईल. पहिली, राजा बदलला तरी टिकणे. दुसरी, वाटता येणे आणि प्रसंगी विकता येणे. तिसरी, मान, म्हणजे ज्यासाठी प्राण पणाला लावावेत असे काही त्यात असणे. चौथी, सेवा, म्हणजे हक्काबरोबर काम बांधलेले असणे. चारही कसोट्यांना उतरणारा इंग्रजी शब्द नाही. पण कोणता शब्द कोठे नापास होतो, हे पाहिले की वतन म्हणजे काय ते अधिक स्वच्छ होते.

१०/
आधी ‘फीफ’. युरोपच्या मध्ययुगात सरदार आपल्या मांडलिकाला लष्करी सेवेच्या बदल्यात जमीन देई, तिला हे नाव आहे. मराठ्यांच्या राज्यात याच्या जवळची गोष्ट म्हणजे सरंजाम. सरंजाम राजा देई, फौज ठेवण्यासाठी देई आणि काढूनही घेई. वतन त्याच्या अगदी उलट. कोणतेही राज्य येवो, निजामशाही, आदिलशाही, मोगल किंवा मराठे, नवा राजा सनद देऊन जुने वतन मान्य करी. राजाला नवे वतन देता येई आणि अपराधाबद्दल अमानतही करता येई, पण वतन टिके ते राजाच्या मर्जीपेक्षा गोताच्या आणि गावाच्या साक्षीवर. वतनाला फीफ म्हणणे म्हणजे वतन आणि सरंजाम यांतला फरकच पुसून टाकणे. मराठ्यांच्या इतिहासात हा फरक पुसला की पुढचे काहीच नीट लागत नाही.

११/
उदाहरण सरदेशमुखीचे. पाठ्यपुस्तकांत ती चौथाईच्या शेजारी ‘दहा टक्के कर’ म्हणून येते. पण मराठ्यांचा दावा कराचा नव्हता. आपण दक्षिणेचे सरदेशमुख आहोत आणि देशमुखाला जसा आपल्या परगण्यात हक्क असतो तसा आपला हक्क या साऱ्या सुभ्यांवर आहे, असा तो दावा होता. सरदेशमुखी हे छत्रपतींचे वतन मानले गेले. म्हणूनच १७१९ साली दिल्लीहून सनदा आल्या तेव्हा चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य यांच्या सनदा निरनिराळ्या होत्या. ज्याच्या डोक्यावर छत्र आहे त्या राजालाही वतनदार असणे मोलाचे वाटत होते. ‘टॅक्स’ म्हणून हे कळत नाही, ‘फीफ’ म्हणून तर मुळीच नाही.

१२/
या ओढीची दुसरी बाजूही मराठ्यांना ठाऊक होती. १६८९ नंतर राजाराम महाराजांच्या काळात सरदार आपल्या पक्षाला ठेवण्यासाठी वतने आणि इनामे मोकळ्या हाताने दिली गेली. औरंगजेबही तेच आमिष दाखवत होता आणि अनेक घराणी या बाजूची त्या बाजूला गेली. हा सारा अनुभव पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त वतनदारांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांच्या मते वतनदार हे लहान प्रमाणावरचे राजेच, राज्याचे भाऊबंद. त्यांना नाहीसे करणेही इष्ट नाही आणि मोकळे सोडणेही घातक. ‘दायाद’ हा त्यांचा शब्द फार नेमका आहे. दायाद म्हणजे वारशात वाटा मागणारा भाऊबंद. राज्य आणि वतन यांचे नाते त्यांनी मालक-नोकराच्या भाषेत मांडलेले नाही, भाऊबंदकीच्या भाषेत मांडले आहे.

१३/
आता इंग्रजांकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना या शब्दांचा रोज सामना करावा लागला. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यात वतनाला एक प्रतिशब्द मिळत नाही. वंशपरंपरागत मालमत्ता, अधिकार, हक्क असे अर्थ ओळीने मांडावे लागतात. १८५५ साली एच. एच. विल्सन यांनी देशी महसुली आणि न्यायालयीन शब्दांचा मोठा कोश केला. अशा कोशाची गरज पडली, यातच त्या अडचणीची कबुली आहे. प्रतिशब्द हाताशी असते तर कोश लागलाच नसता.

१४/
शेवटी कायदा करण्याची वेळ आली तेव्हा अनुवादकांनी हात टेकले. १८७४ चा मुंबई सरकारचा तिसरा कायदा अधिकृत नावात ‘हेरेडिटरी ऑफिसेस’चा आहे, पण लोक त्याला वतन कायदाच म्हणत आले. आतल्या व्याख्येत ‘वतन’ हा शब्द जसाच्या तसा ठेवून त्याची फोड केली आहे. वंशपरंपरेचे पद, त्या पदाच्या कामाचा मोबदला म्हणून असलेली मालमत्ता आणि त्यांना जोडलेले हक्क व मान, हे सगळे मिळून वतन. ही व्याख्या कारकुनी असली तरी चांगली आहे. ‘पद’ म्हटल्याने सेवेची कसोटी उतरते आणि राजा बदलला तरी टिकण्याचीही.

१५/
तरीही ‘हेरेडिटरी ऑफिस’ तिसऱ्या कसोटीला कोरडे पडते. ऑफिस म्हणजे करायचे काम. कामासाठी कोणी भावाशी पिढ्यानपिढ्या वैर धरत नाही. दुसऱ्या कसोटीतही अडचण आहे. पद चार भावांत वाटले जात नाही, वतन वाटले जाई. मग प्रत्यक्ष काम कोणी करायचे? ते पाळीपाळीने होई. १८७४ च्या कायद्याला म्हणूनच हिस्सेदारांतून प्रतिनिधी वतनदार ठरवण्याची व्यवस्था करावी लागली, आणि वतनी मालमत्ता सरकारच्या परवानगीवाचून घराण्याबाहेर जाऊ नये असे बंधनही घालावे लागले. भाषेत वतनाला ‘पद’ म्हणून सुटसुटीत केले, पण व्यवहारात ते सुटसुटीत होईना.

१६/
‘पॅट्रिमनी’ हा पर्याय अभ्यासकांना आवडतो. बापाकडून आलेला वारसा, हा त्याचा अर्थ. पहिल्या दोन कसोट्यांना तो चांगला उतरतो. वाटणी तर त्यात गृहीतच आहे. पण पॅट्रिमनी घराच्या आत असते, ती असण्यासाठी गावाची साक्ष लागत नाही. वतन गावाच्या डोळ्यांदेखत असते. पोळ्याला पहिले निघणारे बैल सगळ्यांनी पाहिले पाहिजेत, नाहीतर त्या मानाला अर्थ नाही. घराच्या पेटीत ठेवलेला वारसा आणि वेशीवर मिरवला जाणारा मान, यांत फरक आहे.

१७/
उरतो ‘बर्थराइट’, जन्माने मिळालेला हक्क. लोकमान्य टिळकांच्या स्वराज्यविषयक घोषणेमुळे ‘जन्मसिद्ध हक्क’ या रूपात तो मराठीच्या ओळखीचाही आहे. तो राजाच्या मर्जीवर अवलंबून नाही, म्हणून पहिली कसोटी उतरते. बायबलमध्ये भुकेला एसाव आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या भावाला शिजवलेल्या डाळीच्या बदल्यात विकून टाकतो. तेव्हा विकता येणे आणि विकल्याची बोच, दोन्ही इंग्रजी वाचकाच्या मनात या शब्दाशी आधीच जोडलेली आहेत. दुष्काळात पाटीलकी विकणाऱ्याची कथा त्याला लगेच कळेल. तिसऱ्या कसोटीला तर हा शब्द सर्वांत सरस. ‘माझा बर्थराइट’ म्हणताना इंग्रजी माणसाचा स्वर चढतो, तसाच ‘आमचं वतन’ म्हणताना मराठी माणसाचा चढत असे.

१८/
याही शब्दाला दोन मर्यादा आहेत. लहान मर्यादा अशी की इंग्रजीत बर्थराइट मुख्यतः थोरल्या मुलाचा, तर वतन सगळ्या भावांचे. थोरल्याकडे केवळ वडीलपण. मोठी मर्यादा चौथ्या कसोटीची. बर्थराइटमध्ये देणे कोठेच नाही, फक्त घेणे आहे. पाटील-देशमुखांच्या कागदांत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण तेथे सेवा हाच अधिकार होता. वसुली करणे हे काम होते आणि तीच सत्ता होती. पण त्याच गावात आणखी एक वतन होते, आणि तेथे ही उणीव डोळ्यांत भरते.

१९/
महार वतनदाराने निरोप पोचवायचे, गावाची शीव राखायची, सरकारी वसूल ठाण्यापर्यंत न्यायचा, येणाऱ्या अंमलदाराच्या दिमतीला राहायचे, मेलेली जनावरे ओढायची. मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन आणि गावकऱ्यांकडून बलुते. इंग्रजी अमलात काम सरकारचे, पण मोबदल्याचा मोठा भाग मात्र गावकऱ्यांनी द्यायचा, अशी विचित्र रचना चालू राहिली. वतन सगळ्या कुटुंबाचे, म्हणून हाकही सगळ्या कुटुंबाला. कामाला वेळेची मर्यादा नाही. गावाशी वाद झाला तर बलुते बंद. याला ‘बर्थराइट’ म्हणणे म्हणजे थट्टा आहे. हक्क जन्माने मिळत होता हे खरे, पण त्याहून पक्के होते ते जन्माने गळ्यात पडलेले काम.

२०/
हे नेमके ओळखले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्याचा गाभा साधा होता. वतनदाराची इच्छा असेल तर त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन राखावी आणि सेवेतून मुक्त व्हावे. बलुत्याऐवजी पैशाच्या रूपात ठरीव मोबदला असावा. पुरेसा पाठिंबा मिळाला नाही आणि पुढील वर्षी त्यांनी विधेयक मागे घेतले. पण शब्दाच्या दृष्टीने त्यांनी जे केले ते पाहण्यासारखे आहे. एकसंध वाटणाऱ्या ‘वतन’ या शब्दाचा सांधा कोठे आहे ते त्यांनी दाखवले. एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला सेवा. मराठीत ही दोन एका शब्दाने बांधली होती. त्यांनी ती गाठ कायद्याने सोडवायला सांगितली.

२१/
गाठ सुटली ती स्वातंत्र्यानंतर, टप्प्याटप्प्याने. १९५० च्या कायद्याने परगणे आणि कुलकर्णी वतने गेली, १९५८ च्या कायद्याने महार वतनासह गावकीची कनिष्ठ वतने, १९६२ च्या कायद्याने पाटीलकी. त्या १९५८ च्या कायद्याच्या नावात ‘इन्फिरिअर’ हे विशेषण आहे, आणि त्यावर थांबून विचार करावा. वतनांतही वरचे आणि खालचे होते, हे इंग्रजी कायद्याला नावातच सांगावे लागले. मराठी शब्द ते झाकून नेत होता. सातबाऱ्यावर आजही कोठे ‘वर्ग ६ ब’ असा शेरा दिसला तर तो याच इतिहासाचा अवशेष आहे.

२२/
येथे एक आक्षेप घेतला जातो. परका शब्द लादण्यापेक्षा इंग्रजीतही ‘वतन’ असेच लिहावे, तिरप्या अक्षरांत, आणि तळटीप द्यावी. विद्यापीठांतून हाच रिवाज आहे. चिंचणीच्या ताम्रपटाच्या लेखकाने जसा ध्वनी ठेवला, तसाच हा मार्ग. त्यात सावधपणा आहे, पण तो निष्पक्ष नाही. तिरप्या अक्षरांतला ‘वतन’ पाटलाच्या कागदात आणि महाराच्या कागदात हुबेहूब सारखा दिसतो. वाचक तळटीप एकदाच वाचतो, आणि ती बहुधा देशमुख-पाटलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. न भाषांतरलेला शब्द मूळ शब्दाचे मौनही आपल्याबरोबर आणतो.

२३/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महार वतनदारांनाही आपल्या वतनाचा अभिमान होता. बिदरच्या बादशहाने आपल्या पूर्वजाला बावन्न हक्क दिले, अशी त्यांची परंपरा सांगते. शिवेच्या तंट्यात त्यांचीच साक्ष निर्णायक ठरे. मानाच्या आणि हक्काच्या प्रश्नांवरून महार आणि मांग यांच्यात तंटे होत. मग त्यांच्या वतनाला केवळ वेठ म्हणणे हाही अन्याय नव्हे काय? हा आक्षेप मान्य करावाच लागतो. वतनाची ओढ वरपासून खालपर्यंत सर्वांना होती, आणि ती व्यवस्था इतकी वर्षे टिकली त्याचे एक कारण हेच. जोखडालाही मानाचे नाव असले की ते उतरवणे अवघड जाते.

२४/
तेव्हा मत असे. पाटील, देशमुख, कुलकर्णी यांच्या कागदांचा अनुवाद करताना ‘बर्थराइट’ हा सर्वांत जवळचा शब्द आहे, आणि त्याच्या पहिल्या वापरालाच हे पदाशी जोडलेले असून सर्व भावांत वाटले जाते, एवढे एका वाक्यात सांगावे. महार वतनाच्या कागदात हाच शब्द वापरू नये. तेथे जन्माने बांधलेली सेवा आधी आणि तिच्याबद्दलची जमीन व हक्क नंतर, असा क्रम इंग्रजीत उघड दिसला पाहिजे, मग त्यासाठी एका शब्दाऐवजी चार लागले तरी चालतील. ‘फीफ’ मात्र दोन्हीकडून काढून टाकावा.

२५/
एका मराठी शब्दाला दोन इंग्रजी शब्द, हे काहींना गबाळेपणाचे वाटेल. कोशाचा नियम मोडल्यासारखेही वाटेल. पण कोशात शब्द एकटा असतो, कागदात तो कोणाच्या तरी नावापुढे असतो. म्हणून ‘वतन’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे, हे विचारण्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: वतन कोणाचे? महजराच्या तळाशी नांगराची निशाणी कोणाची आणि बाकीच्या निशाण्या कोणाकोणाच्या, हे आधी पाहावे. प्रतिशब्द त्यानंतर निवडावा.